एका गोळीत दोन औषधं

सतत काळजी वाटते, छातीत धडधडतं, झोप लागत नाही अशी तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला आपल्याकडे बऱ्याचदा रात्री घ्यायची एकच छोटी गोळी मिळते. घरात तिला ‘टेन्शनची गोळी’ म्हणतात. तिच्यात बहुधा एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम अशी दोन औषधं एकत्र असतात. त्यांचं काम वेगळं, वेग वेगळा आणि बंद करण्याची रीतही वेगळी. हे रुग्णाला कुणी समजावून सांगत नाही आणि पुढचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

क्लोनाझेपाम तासाभरात मेंदू शांत करतं आणि त्याच रात्री झोप लागते. एस्सिटॅलोप्राम हे नैराश्यावरचं औषध चिंतेच्या आजारावरही चालतं, पण त्याचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ आणि थोडी जास्त बेचैनीही होते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत या काळात आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावं लागतं. एस्सिटॅलोप्रामचा जम बसेपर्यंत आधार म्हणून क्लोनाझेपाम द्यायचं आणि दोन ते चार आठवड्यांत ते काढून घ्यायचं, असा मूळ बेत असतो. एस्सिटॅलोप्राम मात्र पूर्ण बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायचं असतं. एकाच गोळीत दोन्ही असली की हा बेत फिसकटतो. जुनी चिठ्ठी दाखवून तीच स्ट्रिप महिनोन् महिने आणली जाते.

समजा, चाळिशीतल्या एका शिक्षिकेनं १० मिलिग्रॅम एस्सिटॅलोप्राम आणि ०.५ मिलिग्रॅम क्लोनाझेपामची गोळी नऊ महिने घेतली. आता ती छान आहे. ‘किती दिवस गोळ्या खाणार?’ असं घरचे विचारतात, म्हणून ती एका रात्री गोळी बंद करते. पहिले एक-दोन दिवस काहीच होत नाही, कारण दोन्ही औषधांचा अंश रक्तात असतो. मग झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो. मान वळवली की चक्कर येते, डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखं होतं, विचित्र स्वप्नं पडतात, क्षुल्लक कारणानं रडू येतं. जास्त डोसवर असलेल्यांनी किंवा खूप दिवस घेणाऱ्यांनी क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधं एकदम सोडली तर फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते.

शिक्षिकेला वाटतं, आजार उलटला. डॉक्टरही कधी कधी तसंच समजतात आणि डोस वाढवतात. मला हे सर्वांत जास्त लागतं, कारण फरक ओळखता येतो. औषध सुटल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, त्यात चक्कर आणि झटके यांसारखी आधी कधीच नसलेली लक्षणं असतात आणि गोळी पुन्हा सुरू केली की तो एक-दोन दिवसांत ओसरतो. परतलेला आजार सहसा काही आठवड्यांनी हळूहळू डोकं वर काढतो आणि जुन्याच लक्षणांनी येतो.

हा त्रास होतो म्हणून माणूस व्यसनी ठरत नाही. एस्सिटॅलोप्रामची दारूसारखी ओढ लागत नाही. औषध रोज मिळतं हे धरून मेंदूनं आपली घडण बदललेली असते, ती पूर्ववत व्हायला वेळ लागतो. क्लोनाझेपामबाबत मात्र खरोखर जपावं लागतं, त्यात दारू तर अजिबात नको.

शिक्षिकेचे डॉक्टर आधी जोडगोळी मोडून दोन्ही औषधं वेगळी लिहून देतील. एस्सिटॅलोप्राम तसंच ठेवून क्लोनाझेपाम ०.५ वरून ०.३७५, मग ०.२५, मग ०.१२५ असं उतरवतील आणि प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे थांबतील. त्रास झाला तर मागच्या पायरीवर परत. ते सुटून घडी बसल्यावर एस्सिटॅलोप्रामची पाळी. १० वरून ५ वर येणं बहुतेकांना सोपं जातं, कारण कमी डोसलाही हे औषध मेंदूवरचा आपला बराचसा परिणाम टिकवून ठेवतं. खरी उडी ५ वरून शून्यावर असते, म्हणून शेवटी २.५ किंवा त्याहून लहान पायऱ्या लागतात. एक दिवसाआड गोळी घेण्याची युक्ती इथे उपयोगाची नाही, त्यात रक्तातलं प्रमाण रोज वरखाली होतं. औषधानं रुग्णाला उन्माद चढला किंवा गंभीर अपाय झाला, तर डॉक्टर ते झटकन बंद करतात, पण तो निर्णय त्यांचा.

गावी लग्नाला गेल्यावर स्ट्रिप संपली तर त्याच डॉक्टरांना फोन करावा. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. शेवटची गोळी सुटल्यावरही काही महिने डॉक्टरांकडे जात राहावं, कारण मूळ आजार परतायचा असेल तर तो बहुधा याच काळात परततो.