दहा जणांचं बोलणं, पंचवीस जणांचा पगार

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करणारी एखादी कंपनी पुण्यात आपलं कॉल सेंटर उघडते आहे, असं समजा. सकाळी दहा ते एक ही तिची गर्दीची वेळ. तेव्हा अर्ध्या तासात साधारण शंभर फोन येतील आणि एकेक फोन, त्यानंतर करायच्या नोंदीसकट, तीन मिनिटांचा असेल. म्हणजे अर्ध्या तासात तीनशे मिनिटांचं काम. मालक लगेच भागाकार करतात : दहा माणसं पुरे. अठरा हजार पगार धरला की महिन्याला एक लाख ऐंशी हजार.

हा हिशेब पहिल्याच सकाळी कोसळतो, कारण फोन रांग लावून येत नाहीत. एका मिनिटात सात येतात, पुढच्यात एकही नाही. रिकाम्या मिनिटात वाया गेलेला वेळ पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाही. त्यामुळे नेमकी दहा माणसं बसवली तर रांग वाढतच जाते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने यावरचं सूत्र 1917 मध्ये प्रसिद्ध केलं, आणि आजही माणसं त्यावरूनच मोजतात. आपल्या उदाहरणाला ते लावलं तर अकरा माणसं असताना ग्राहकाला सरासरी दोन मिनिटं थांबावं लागतं, बारा असताना चाळीस सेकंद आणि तेरा असताना सतरा. शंभरातले ऐंशी फोन वीस सेकंदांच्या आत उचलायचे, हे या धंद्यातलं नेहमीचं उद्दिष्ट. तेराव्या माणसावर ते अगदी थोडक्यात हुकतं, म्हणून चौदा लागतात. मग प्रत्येक एजंट तासातली सतरा-अठरा मिनिटं मोकळा दिसतो. काचेच्या केबिनमधून ते पाहून दोघांना काढून टाकण्याचा मोह साहेबांना होतो. तसं केलं की आठ सेकंदांचं थांबणं चाळीस सेकंदांवर जातं.

चौदा खुर्च्या भरायच्या त्या मात्र फक्त दहा ते एक. सेंटर सकाळी आठ ते रात्री नऊ चालू आहे. सकाळी आणि संध्याकाळी सात जण पुरतात, दुपारी नऊ. पण तीन तासांसाठी नोकरीला कोण येईल? आठ ते पाच आणि बारा ते नऊ अशा दोनच शिफ्ट ठेवल्या, तर गर्दीसाठी पहिल्या शिफ्टला चौदा आणि दुसरीला सात, असे एकवीस जण लागतात, आणि दुपारभर निम्मे नुसते बसून असतात. त्याऐवजी दोन्ही शिफ्टना सात-सात ठेवून साडेनऊ ते दीड या वेळेला सात अर्धवेळ माणसं घेतली, तर पूर्णवेळाच्या हिशेबात साडेसतरा होतात. कॉलेजची मुलं, घरचं आवरून येणाऱ्या बाया अशा वेळेला मिळतात. जेवणाच्या सुट्ट्या बारा ते पाचमध्ये, पाळीपाळीने.

आता सुट्ट्या. सेंटर सातही दिवस चालू, माणूस सहा दिवस येणार; साडेसतराचे झाले सुमारे वीस. शिवाय रजा, आजारपण, प्रशिक्षण, चहा, मीटिंग यांत पगारी वेळाचा पाचवा भाग जातो असं धरू. याला धंद्यात श्रिंकेज म्हणतात. इथे बरेच जण वीस टक्के वाढवून मोकळे होतात. ते चूक आहे. शंभरातले ऐंशीच हाती लागणार असतील तर 0.8 ने भागायला हवं. भागल्यावर साडेपंचवीस येतात. वाढवून साडेचोवीस आले असते. तो एक माणूस कमी पडतो तो नेमका सणाच्या आठवड्यात.

पगार अठरा हजारच धरू. पण भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा, राज्य विमा, बोनस, ग्रॅच्युइटी, हेडसेट आणि जागा मिळून माणशी चोवीस हजार पडतात असं समजा. महिन्याला सहा लाख बारा हजार. त्या दोनच शिफ्टच्या रोस्टरवर हीच रक्कम सात लाख पस्तीस हजार झाली असती. पगार कमी करून एवढी बचत होणं अवघड; इथे ती नुसत्या वेळा बदलून झाली.

एक खाचखळगा राहतो. एर्लांगचं सूत्र धरून चालतं की थांबलेला माणूस फोन ठेवत नाही. प्रत्यक्षात तो वैतागून ठेवतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावतो. मागच्या महिन्यात माणसं कमी होती, तर त्या महिन्याच्या आकड्यात एकच ग्राहक दोनदा-तीनदा मोजलेला असतो. त्यावरून पुढचं बजेट केलं तर ते फुगतं. म्हणून अंदाज बांधण्याआधी एकाच नंबरावरून तासाभरात आलेले फोन एकत्र करून पाहावेत. तीनशेची गर्दी कधी कधी दोनशेचीच निघते.