गोळ्यात मावणारा सर्वांत मोठा शंकू

९ सेंटिमीटर त्रिज्येचा एक भरीव लाकडी गोळा आहे. तो कातून त्यातून एकच शंकू काढायचा आहे आणि त्या शंकूत जास्तीत जास्त लाकूड राहिले पाहिजे. शंकू किती उंच ठेवावा?

बहुतेकांच्या मनात पहिले उत्तर येते ते असे: गोळा मधोमध कापावा, सर्वांत मोठे वर्तुळ तिथेच मिळते, ते पायाला घ्यावे आणि टोक वरच्या बिंदूला न्यावे. या शंकूची उंची ९ आणि पायाची त्रिज्याही ९. आर्किमिडीजने आपल्या गोल आणि वृत्तचितीवरच्या ग्रंथात नेमका हाच शंकू घेतला आणि गोलाचे घनफळ त्याच्या चौपट असते हे सिद्ध केले. म्हणजे या पद्धतीत पाव गोळा हाती येतो. पण यापेक्षा मोठा शंकू त्याच गोळ्यात दडलेला आहे. तो हवा असेल तर पाया केंद्राच्या खाली सरकवावा लागतो. पाया थोडा आक्रसतो, उंची मात्र वाढते, आणि काही अंतरापर्यंत हा सौदा फायद्याचा ठरतो.

किती अंतरापर्यंत, हे कळायला उंची आणि पाया यांचे नाते हवे. गोळ्याचा उभा छेद डोळ्यांसमोर आणा. टोकापासून पायाच्या मध्यातून जाणारा व्यास १८ सेंटिमीटरचा आहे. पाया त्या व्यासाचे दोन तुकडे करतो: वरचा तुकडा म्हणजे शंकूची उंची h, आणि खालचा उरलेला १८ − h. दहावीच्या भूमितीतले भूमितीमध्याचे प्रमेय इथे थेट लागू पडते. पायाच्या त्रिज्येचा वर्ग या दोन तुकड्यांच्या गुणाकाराइतका, म्हणजे h(१८ − h). शंकूचे घनफळ म्हणजे पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. म्हणून

V = (π/३) × h²(१८ − h)

कंस सोडवला की १८h² − h³ मिळते. ही त्रिघाती राशी आहे. π/३ हा गुणक सगळीकडे तोच असल्याने तुलना करताना तो बाजूला ठेवता येतो.

आता आकडे घालून पाहू. उंची ६ असताना राशी ४३२ येते, ९ असताना ७२९, ११ असताना ८४७, १२ असताना ८६४, १३ असताना ८४५ आणि १५ असताना ६७५. शिखर १२ च्या आसपास आहे हे इथेच दिसते. विकलन तेच पक्के करते: चढ ३६h − ३h², म्हणजे ३h(१२ − h), आणि तो h = ० व h = १२ या दोनच जागी शून्य होतो. उंची १२ ठेवली की पायाच्या त्रिज्येचा वर्ग १२ × ६ = ७२, म्हणजे त्रिज्या जवळपास ८.५ सेंटिमीटर. घनफळ २८८π, सुमारे ९०५ घन सेंटिमीटर. अख्खा गोळा ९७२π आहे, म्हणजे शंकू त्याच्या २७ भागांपैकी ८ भाग व्यापतो. गोळा कोणताही असो, हे प्रमाण बदलत नाही, आणि उंचीही नेहमी व्यासाच्या दोन तृतीयांश येते.

बारावीची मुले इथे दुसरे विकलन काढतात, ते ऋण आले की ‘महत्तम’ लिहून गणित संपवतात. माझ्या मते गणिताचा खरा गाभा यानंतर आहे. दुसरे विकलन फक्त एवढेच सांगते की १२ च्या अगदी लगतच्या उंचींपेक्षा १२ चांगली. दूरवर काय घडते याबद्दल ते काहीच बोलत नाही. आणि ही राशी दूरवर फार वेगळी वागते: h च्या जागी −६ घाला, ३६ × २४, पुन्हा ८६४! −१० घातले तर २८००. राशीला एकटीला विचारले तर तिला कमाल मूल्यच नाही. १२ हे उत्तर ठरते ते उंची ० आणि १८ यांच्या मध्ये कोंडलेली आहे म्हणून.

म्हणून दोन्ही टोके तपासायची. h = ० ला शंकू चपटा होऊन एका बिंदूत विरतो, घनफळ शून्य. h = १८ ला पायाच उरत नाही, शंकूची नुसती रेघ होते, घनफळ पुन्हा शून्य. मधल्या सर्व उंचींना घनफळ धन आहे, राशी कुठेही तुटत नाही, म्हणजे सर्वांत मोठे मूल्य आतच कुठेतरी असणार, आणि आत चढ शून्य होण्याची जागा एकच: १२. या दोन टोकांच्या स्वभावातला फरकही पाहण्यासारखा आहे. ० पाशी आलेख सपाट सुरू होतो, म्हणूनच विकलनाच्या यादीत ० आपोआप आला. १८ पाशी तो −३२४ च्या चढाने, म्हणजे तीव्र उताराने, खाली येऊन थांबतो. ते टोक विकलनाला कधीच सापडत नाही, ते आपणच आठवणीने तपासावे लागते.

विकलन न वापरताही खातरजमा करता येते. ८६४ मधून आपली राशी वजा करा आणि अवयव पाडा: (h − १२)²(h + ६). पहिला अवयव वर्ग आहे, तो ऋण होत नाही. दुसरा, उंची शून्य किंवा अधिक असेपर्यंत, धनच राहतो. म्हणजे कोणत्याही खऱ्या शंकूला ८६४ ओलांडता येत नाही. मघाशी −६ ला तीच संख्या का आली, तेही या दुसऱ्या अवयवात दिसते.

तिरपा शंकू घेऊन काही साधेल का? नाही. पाया ठरला की घनफळ केवळ टोकाच्या उंचीवर अवलंबून असते, आणि पायापासून सर्वांत दूरचा बिंदू पायाच्या मध्यातून जाणाऱ्या व्यासावरच असतो.

टोकांची तपासणी कधी कधी उत्तरच बदलते. समजा शंकू ज्या खोबणीत बसवायचा आहे तिथे १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उंची चालत नाही. आता h ची हद्द ० ते १० झाली. या हद्दीत चढ शून्य होतो तो फक्त शून्यालाच, आणि तिथे घनफळ काहीच नाही. पण ० ते १० राशी सतत वाढत जाते, म्हणून कमाल मूल्य टोकावर, h = १० ला आहे: ८००. इथे ‘चढ शून्य करा’ एवढाच मंत्र पाठ असेल तर एक तर उत्तर सापडत नाही, नाही तर हद्दीबाहेरचे १२ लिहिले जाते.

याच राशीचा आणखी एक उपयोग आहे. शंकूच्या वक्र पृष्ठभागावर पत्रा चढवायचा आणि तो पृष्ठभाग जास्तीत जास्त हवा असेल, तर? तिरक्या उंचीचा वर्ग १८h येतो. त्यामुळे वक्रपृष्ठफळाचा वर्ग π² × १८ × h²(१८ − h) होतो: तीच त्रिघाती राशी, म्हणून तेच उत्तर, १२. मात्र पायाचे वर्तुळही पत्र्याने झाकायचे ठरवले की ही राशी कामाची राहत नाही, आणि सर्वांत मोठ्या एकूण पृष्ठफळाचा शंकू खाली उतरून सुमारे १०.६ सेंटिमीटर उंचीचा होतो.