कड चार मिलिमीटरची, राखण चाळीस अंशांची

क्रिकेटच्या पुस्तकात क्षेत्ररक्षणाचा जो नकाशा असतो, तो आपण सगळ्यांनी लहानपणी पाठ केलेला असतो. लंबगोल मैदान, मध्ये खेळपट्टीची पट्टी आणि भोवती ठिपके: स्लिप, गली, पॉइंट, कव्हर, मिड-ऑफ. कोण कुठल्या दिशेला उभा राहतो हे त्या नकाशावरून कळतं. किती लांब उभा राहतो, हे मात्र कळत नाही. वेगवान गोलंदाजाच्या हाती नवा चेंडू देताना कर्णधाराला खरं डोकं चालवावं लागतं ते या न दिसणाऱ्या अंतरासाठी. विकेट मिळणार की झेल बोटांपुढे पडणार, हे बऱ्याचदा त्या एक-दोन मीटरवर ठरतं.

आधी दिशेचं बघू, कारण तिथला हिशेबही डोळ्यांना सहज दिसत नाही.

घरात बॅट आणि सीझन बॉल असेल तर हातात घ्या. चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ३.६ सेंटिमीटर. आता बॅट उभी धरा आणि चेंडू तिच्या कडेला अगदी ओझरता टेकवा. चेंडू बॅटच्या आड किती आला, तेवढाच तो वळणार. चेंडू कडेवर आदळून निघतो असं मानून आणि आघातात थोडी ऊर्जा वाया जाते हे धरून भूमितीचा साधा हिशेब मांडला, तर उत्तर चकित करणारं येतं. चेंडू बॅटच्या आड जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर आला तरी तो सुमारे १२ अंशांनी वळतो आणि पहिल्या-दुसऱ्या स्लिपच्या दरम्यान जातो. दीड मिलिमीटर आड आला तर वळण २४ अंशांच्या आसपास, म्हणजे झेल तिसऱ्या स्लिपकडे. साडेतीन मिलिमीटर आड आला की ४० अंश आणि चेंडू गलीच्या हातात. बॅटची कड खरं तर धारदार नसते, गोलसर असते, शिवाय बॅट फिरतही असते, त्यामुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे सरकतात. पण मोजमापाचा आवाका हाच. यष्टिरक्षकापासून गलीपर्यंतचा सगळा प्रदेश बॅटच्या कडेवरच्या चार-पाच मिलिमीटरमध्ये सामावलेला आहे.

त्या चार-पाच मिलिमीटरपर्यंत चेंडू पोचतो कसा? नियमानुसार बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर. म्हणजे मधल्या रेषेपासून कड ५.४ सेंटिमीटरवर. फलंदाजापुढे सहा मीटरवर टप्पा पडला आणि शिवणीवर आपटून चेंडू फक्त अर्धा अंश हलला, तरी बॅटपाशी येईपर्यंत तो पाच सेंटिमीटर बाजूला सरकलेला असतो. बॅटच्या मध्यावर येणारा चेंडू कडेवर जातो. टप्प्यापासून बॅटपर्यंतचा हा प्रवास वेगवान गोलंदाजाच्या बाबतीत साधारण ०.२ सेकंदाचा. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला तेवढाच वेळ लागतो. म्हणून चांगल्या टप्प्यावरून हललेल्या चेंडूला कड लागणं हा दर वेळी फलंदाजाचा गुन्हा नसतो. त्याच्या शरीराकडे वेळच शिल्लक नसतो.

आता अंतर.

चेंडू कडेवरून निघाला तेव्हा त्याचा वेग ताशी १०० किलोमीटर धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. कड जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंचीवर लागली आणि टप्पा पडून उसळलेला चेंडू अजून सेकंदाला दोन मीटर या वेगाने वर चढतोय, असंही धरू. हवेचा विरोध सध्या बाजूला ठेवू. स्लिपचा क्षेत्ररक्षक फलंदाजापासून १४ मीटरवर उभा असेल तर चेंडू त्याच्यापाशी अर्ध्या सेकंदात पोचतो आणि त्या वेळी तो ५६ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे गुडघ्याच्या जरा वर असतो. झेल घ्यायला छान उंची. हाच क्षेत्ररक्षक १६ मीटरवर गेला तर चेंडू ३३ सेंटिमीटरवर, नडगीपाशी. १८ मीटरवर तोच चेंडू जमिनीपासून चार सेंटिमीटर वर, म्हणजे बोटं गवतात खुपसावी लागतात, आणि मग तिसऱ्या पंचाकडे दाद मागायची वेळ येते. हवेचा विरोध धरला तर तो त्याच्याही आधी जमिनीला लागेल.

मग पुढेच का उभं राहू नये? कारण वेळ. १४ मीटरवर मिळणाऱ्या अर्ध्या सेकंदातले ०.२ सेकंद कड लागली हे उमगण्यातच जातात, उरतात ०.३. १८ मीटरवर उरतात सुमारे ०.४५. वेळ दीडपट होतो, पण झेल पायाशी पडतो. वेळ आणि उंची दोन्ही एकदम मिळत नाहीत, एकाची किंमत दुसऱ्यात मोजावी लागते. चांगली स्लिप फळी पुढे येण्याच्या बाजूने चुकते. पोचलेला झेल सुटू तरी शकतो, न पोचलेला झेल घ्यायचा प्रश्नच येत नाही.

हे मीटर मैदानात कुणी टेप घेऊन मोजत नाही. मोजमाप करतो यष्टिरक्षक. पहिल्या दोन-तीन चेंडूंत, फलंदाजाने सोडलेला चेंडू त्याच्या ग्लोव्हजमध्ये कुठल्या उंचीला येतोय यावरून तो पुढे-मागे सरकतो. चेंडू कमरेच्या आसपास आणि अजून जोर टिकवून आला तर जागा बरोबर. घोट्यापाशी यायला लागला तर दोन पावलं पुढे. पहिली स्लिप त्याच्यापासून किंचित मागे आणि बाकीचे त्या दोघांकडे बघून कमानीत उभे राहतात. पहिली स्लिप साधारणपणे गोलंदाजाच्या हातापासून चेंडूवर नजर ठेवते, तर दुसरी, तिसरी आणि गली बॅटच्या कडेकडे बघत असतात, कारण त्यांच्या कोनातून चेंडू वेळेवर दिसत नाही. १६ मीटरवर एक अंश म्हणजे २८ सेंटिमीटर, त्यामुळे दोन स्लिपमध्ये दोन-सव्वादोन मीटर अंतर असलं की प्रत्येकाच्या वाट्याला आठेक अंश येतात. त्याहून जास्त फाकले तर मधून चौकार, जवळ आले तर दोघांचे हात एकमेकांत अडकतात. पहिली स्लिप आणि यष्टिरक्षक यांच्या मधून गेलेला झेल तर दोघंही एकमेकांवर सोडतात, आणि गोलंदाज दोघांकडे आळीपाळीने बघत राहतो.

आता कर्णधाराच्या खिशातले पैसे मोजू. गोलंदाज आणि यष्टिरक्षक सोडले तर उरतात नऊ जण. उजव्या हाताच्या फलंदाजाला आउटस्विंग टाकायचा असेल तर एक सरधोपट मांडणी अशी: तीन स्लिप, गली, पॉइंट, मिड-ऑफ, मिड-ऑन, मिड-विकेट आणि फाइन लेग. नऊ झाले. या नकाशात कव्हर कुठे आहे? कुठेच नाही. ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. पुढे टाकलेला चेंडू कव्हरमधून ड्राइव्ह करायचा मोह फलंदाजाला व्हावा, आणि बाहेर निघालेल्या चेंडूने त्याच्या बॅटची ती चार मिलिमीटरची कड शोधावी, हा त्यामागचा हिशेब. ड्राइव्ह बरोबर बसला तर चौकार जातो. तो चौकार कर्णधाराने आधीच मोजलेला असतो. म्हणून त्या पहिल्याच चौकारावर कव्हरला माणूस नेणारा कर्णधार मला घाबरट वाटतो. तो माणूस स्लिपमधूनच काढावा लागतो, आणि सापळा मोडतो.

लेगच्या बाजूला कर्णधाराचे हात नियमानेही बांधलेले आहेत. चेंडू टाकला जात असताना पॉपिंग क्रीजच्या मागे लेगला दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक असले तर नो-बॉल. १९३२-३३च्या ‘बॉडीलाइन’ मालिकेत लारवूडच्या अंगावर येणाऱ्या चेंडूंसाठी जार्डिनने लेगला जी फळी उभी केली होती, तशी आज उभी करता येत नाही. त्यामुळे झेलांचा मोठा सापळा ऑफलाच लावावा लागतो.

हा सापळा पूर्ण ताकदीने चाललेला दिवस म्हणजे ६ ऑगस्ट २०१५, ट्रेंट ब्रिज, अ‍ॅशेसची चौथी कसोटी. ढगाळ हवा, अ‍ॅलिस्टर कुकने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. जेम्स अँडरसन दुखापतीमुळे संघात नव्हता, म्हणून नव्या चेंडूची धुरा स्टुअर्ट ब्रॉडकडे. पहिल्याच षटकात रॉजर्सचा झेल पहिल्या स्लिपला कुककडे आणि स्मिथचा तिसऱ्या स्लिपला रूटकडे गेला. शॉन मार्शचा झेल दुसऱ्या स्लिपला बेलने घेतला. पुढे व्होजेस आला. त्याच्या बॅटची कड घेऊन निघालेला चेंडू पाचव्या स्लिपच्या जागी उभ्या असलेल्या बेन स्टोक्सच्या उजवीकडून जवळजवळ मागे निघून गेला होता. स्टोक्सने उजवीकडे सूर मारून एका हाताने तो मागून ओढून घेतल्यासारखा पकडला. ब्रॉडने तोंडावर हात ठेवला. त्याचा तो चेहरा आजही दाखवला जातो.

ऑस्ट्रेलियाचा डाव १८.३ षटकांत ६० धावांत संपला, उपाहाराच्याही आधी. ब्रॉडचं पृथक्करण १५ धावांत ८ बळी. हे आठही बळी झेलबाद, आणि त्यांतला एकही झेल यष्टिरक्षकाकडे नव्हता. तीन रूटने घेतले, दोन कुकने, दोन स्टोक्सने, एक बेलने. वर मांडलेला कडेचा हिशेब इथे ताडून बघा. यष्टिरक्षकाकडे जाणारा झेल कडेच्या सर्वांत बारीक थरातून निघतो, कारण वळण दुप्पट व्हायला चेंडू बॅटच्या आड चौपट यावा लागतो. त्यामुळे चेंडू खूप हलत असताना आणि फलंदाज बॅट पुढे काढत असताना रुंद कोनातल्या माणसांच्या वाट्याला कडेचा जास्त भाग येतो. कुकने माणसं तिथे ठेवली होती. एखादा कव्हर जास्त ठेवून पाचवी स्लिप काढली असती, तर व्होजेसचा तो चेंडू चार धावा झाला असता.

अर्थात ही मांडणी सदासर्वकाळची नाही. चेंडू जुना झाला, शिवण दबली, खेळपट्टी मंदावली की चेंडू टप्प्यानंतर चढत नाही. मग कडेवरून निघालेला चेंडू स्लिपपुढे पडतो, आणि तिथे उभे असलेले तीन-चार जण केवळ नकाशावर छान दिसतात. तीच वेळ एक स्लिप काढून मिड-विकेटला किंवा कव्हरला माणूस देण्याची. उशीर झाला तर सोप्या धावा जातात, घाई झाली तर पुढच्याच चेंडूवर मोकळ्या झालेल्या जागेतून झेल उडतो.

जो रूटने जुलै २०२५मध्ये लॉर्ड्सवर राहुल द्रविडचा यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूंमधला २१० कसोटी झेलांचा विक्रम मागे टाकला. दोघांच्याही झेलांचा मोठा हिस्सा स्लिपमधला. हा सगळा हिशेब स्वतः ताडून बघायचा असेल, तर पुढच्या कसोटीत नवा चेंडू घेऊन गोलंदाज धावत येईल, तेव्हा पहिली तीन-चार षटकं गोलंदाजाकडे न बघता यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजकडे बघा. फलंदाजाने सोडलेला चेंडू कमरेपाशी येत असेल तर स्लिप योग्य जागी आहेत. घोट्यापाशी येत असूनही फळी तिथेच उभी असेल, तर पहिला झेल पुढे पडणार आहे.