तासांचा हिशेब: मिनिट कुठे हरवते आणि कुठे वाढते

तासावर पैसे घेणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकाचे बिल महिनाअखेरीस तयार होत असले, तरी ते बरोबर येणार की चूक हे काम सुरू करताना केलेल्या नोंदीवर ठरते. एकाच दिवसात तीन-चार ग्राहकांची कामे आलटून पालटून होत असतील, तर संध्याकाळी आठवून लिहिलेला हिशेब हमखास चुकतो. मोठी कामे लक्षात राहतात, सात मिनिटांचा फोन विसरला जातो. अशी मागाहून भरलेली वही ओळखता येते: तिच्यातली सगळी कामे दहाला, साडेदहाला, अकराला सुरू झालेली असतात.

पुण्यातील एका काल्पनिक स्ट्रक्चरल इंजिनिअरची सकाळ पाहा. एका आर्किटेक्टच्या कार्यालयासाठी ९.१० ते ९.५० स्लॅबचे ड्रॉइंग तपासले. ९.५० ला एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तो ९.५७ पर्यंत चालला. मग ११.२० पर्यंत पुन्हा तेच ड्रॉइंग. ११.३५ ते १२.१० सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि पुढचा अर्धा तास एका नव्या चौकशीसाठी खर्चाचा अंदाज. प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट, ग्राहक, काय केले आणि बिलात धरायचे की नाही, एवढे पाच रकाने पुरतात. नव्या चौकशीचा अर्धा तास कोणाच्याच बिलात जात नाही, पण तो लिहायचा. नाहीतर आपला दर परवडतो की नाही हे कधीच समजत नाही. स्वतःची चूक दुरुस्त करण्यात गेलेला वेळही लिहावा आणि बिलाबाहेर ठेवावा. ग्राहकाने मागितलेला बदल मात्र वेगळा. किती फेऱ्या दरात धरल्या आहेत हे आधी ठरलेले असेल, तर त्यापुढच्या फेरीचा वेळ बिलात लागतो.

खरी गोम पूर्णांकात आहे. वरच्या नोंदींत सोसायटीची ७ आणि ३५ अशी एकूण ४२ मिनिटे होतात. प्रत्येक नोंद पुढच्या पंधरा मिनिटांपर्यंत वाढवली, तर १५ आणि ४५ मिळून पूर्ण तास होतो. दर १,००० रुपये असेल, तर ७०० रुपयांच्या कामाचे १,००० रुपये लागले. अमेरिका-इंग्लंडमधल्या वकिलांच्या फर्ममध्ये तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटे, हे एकक रूढ आहे. ते घेऊनही प्रत्येक नोंद वेगळी वाढवली, तर सात मिनिटांची बारा होतातच. म्हणून त्या ग्राहकाची मिनिटे आधी एकत्र करून बेरीज एकदाच वाढवणे अधिक न्याय्य. इथे ४२ मिनिटांचे नेमके ०.७ तास होतात. कोणतीही पद्धत घेतली तरी ती काम घेतानाच लेखी ठरलेली हवी. बिल हाती पडल्यावर ती पहिल्यांदा कळली, तर ग्राहकाला फसवल्यासारखे वाटणारच.

दुसरी चूक दशांशाची. चौदा तास वीस मिनिटे म्हणजे १४.२० तास नव्हेत, १४.३३ तास. कागदावर हा फरक आठ मिनिटांचा. हजार रुपये दराने १३३ रुपये. स्प्रेडशीटमध्ये गोंधळ आणखी मोठा होतो, कारण तिथे वेळ दिवसाचा अंश म्हणून साठवलेली असते. आर्किटेक्टच्या कामाची महिन्याची बेरीज २६ तास २० मिनिटे असेल, तर नेहमीच्या घड्याळी फॉरमॅटमध्ये चौकटीत फक्त २:२० दिसतात. पूर्ण दिवसाचे २४ तास गळतात. चौकटीला `[h]:mm` हा फॉरमॅट दिला की २६:२० दिसतात. त्या बेरजेला थेट दराने गुणले तर १,०९७ रुपये येतात आणि चूक लगेच उघडी पडते. म्हणून आधी २४ ने गुणून तास करावे लागतात:

```
=SUM(D2:D40)*24*1000
```

उत्तर २६,३३३ रुपये. महिन्याच्या बेरजेवर सहा मिनिटांचे एकक ठरले असेल, तर २६.४ तासांचे २६,४०० रुपये. बिलात केवळ “सल्ला शुल्क” लिहून भागत नाही. कामानुसार तास, दर आणि रक्कम दाखवावी आणि तारखेनिहाय नोंदींची प्रत सोबत द्यावी. शंका आली तर ग्राहक त्या दिवसाची ओळ काढून विचारू शकतो.

एवढे करूनही बँकेत कमी रक्कम आली, तर लगेच घाबरू नये. वर्षभराची व्यावसायिक फी ५०,००० रुपयांच्या वर गेली, की ग्राहक कंपनी साधारणपणे १० टक्के करकपात करून उरलेले पैसे पाठवते. २६,४०० पैकी २,६४० रुपये कापले जातात आणि २३,७६० जमा होतात. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल, तर कपात फक्त फीवर होते. वहीत उत्पन्न म्हणून मात्र पूर्ण २६,४०० लिहायचे आणि कापलेले २,६४० आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या पॅनवर दिसतात का, ते ताडून पाहायचे.