एकतीस ई-मेल आणि तीन ओळी : साहेबांना सारांश कसा पाठवावा?

गडमुडशिंगी आणि आसपासच्या गावांतली बरीच मुलं-मुली आज गोकुळ शिरगाव, शिरोली नाहीतर कागलच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यातली काही मशीनवर आहेत, तर बी.कॉम., बी.एस्सी. केलेली डिस्पॅच, परचेस, क्वालिटीच्या टेबलावर. टेबलावरच्या मुलांकडे नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत एक काम हमखास येतं. मोठे साहेब जाता जाता सांगतात, "त्या चाकणच्या मेलचं काय चाललंय ते मला तीन ओळीत पाठव." मेल उघडावा तर विषयाच्या जागी `RE: RE: FW: RE:` अशी रांग, आणि खाली एकतीस उत्तरं.

आम्ही शाळेत सारांशलेखन शिकवतो. उताऱ्याचा साधारण एक तृतीयांश करा, मुद्द्यांचा क्रम मोडू नका, स्वतःचं मत घालू नका, असे त्याचे नियम. परीक्षेत ते बरोबर आहेत, पण ऑफिसात त्यातले पहिले दोन उपयोगाचे नाहीत. उताऱ्याचा सारांश वाचणाऱ्याला उतारा कळावा म्हणून असतो. साहेबांना मेलची साखळी समजून घ्यायची नसते, त्यांना काहीतरी ठरवायचं असतं. म्हणून साखळीत ज्या गोष्टीवर वीस मेल खर्च झाले ती सारांशात शून्य ओळी घेऊ शकते, आणि शेवटून तिसऱ्या मेलमधलं अर्धं वाक्य पहिली ओळ होऊ शकतं.

उर्दू वाचणाऱ्यांना यात एक गंमत दिसेल. उर्दूत 'खुलासा' म्हणजे सार, निचोड. तोच शब्द मराठी कचेरीत आला आणि 'स्पष्टीकरण' झाला. "खुलासा सादर करा" म्हटलं की माणूस दोन पानं लिहून आपली बाजू मांडतो. साहेबांना उर्दूतला खुलासा हवा असतो, आणि आपली मुलं मराठीतला पाठवतात.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. ते आम्ही रचलेलं आहे, पण फौंड्रीत काम करणाऱ्यांना ओळखीचं वाटेल. समजा, एका फौंड्रीला चाकणच्या ग्राहकाकडून १,२०० बेअरिंग हाउसिंगची ऑर्डर आहे आणि पहिले ४०० नग गेले आहेत. ३ तारखेला ग्राहकाच्या क्वालिटीचा मेल येतो: मशीनिंग केल्यावर ८६ नगांत ब्लोहोल निघाले. मग हीट नंबर कुठला, फोटो स्पष्ट नाहीत, कोअरची हवा निघायची वाट बंद होती का, यावर दहा-बारा मेल. ग्राहक मशीनिंगच्या खर्चापोटी नगामागे ५०० प्रमाणे ४३,००० रुपयांची डेबिट नोट लावतो. अकाउंट्सचे प्रमुख ती ८ तारखेला मान्य करतात. बदलीचे ८६ नग ९ तारखेला जातात. त्याच दिवशी ग्राहकाचा खरेदी विभाग लिहितो की पुढचे ४०० नग १८ तारखेला पोचलेच पाहिजेत. १० तारखेला आपले प्रॉडक्शन मॅनेजर कळवतात: १८ ला २५० होतील, उरलेले १५० तारीख २२ ला. ११ तारखेला खरेदी विभाग म्हणतो, चालेल, पण पुढच्या चारशेच्या चारशे नगांची बाहेरच्या लॅबकडून तपासणी तुमच्या खर्चाने करा, नगामागे १२० रुपये. त्याशिवाय माल घेणार नाही. शुक्रवारी, १३ तारखेला सायंकाळी ५ पर्यंत कळवा. त्यानंतरचे चार-पाच मेल गाडीभाड्यावर.

हे वाचायचं कसं? आधी सगळ्यात शेवटचा मेल वाचावा, म्हणजे गाडी कुठे उभी आहे ते कळतं. मग पहिल्या मेलपासून क्रमाने वर यावं. जवळ एक कागद ठेवावा आणि प्रत्येक मेलसमोर तारीख, कोणी लिहिलं, आणि त्याने काय केलं एवढंच टिपावं: काही मागितलं, काही कबूल केलं, आकडा दिला, की नुसतं "नोटेड" म्हटलं. अर्ध्याहून जास्त मेल "नोटेड" जातीचे निघतात. कबुली आणि आकड्यांपुढे खूण करावी. नवा आकडा आला की जुना खोडावा, कारण साखळीत जुना आकडा उद्धृत मजकुरात पुन्हा पुन्हा दिसत राहतो आणि ताजा वाटतो. "१८ ला ४०० हवेत" हे वाक्य शेवटच्या मेलखालीसुद्धा असतंच, पण ते ११ तारखेलाच मागे पडलेलं आहे.

दोन ठिकाणी साखळी फसवते. एक म्हणजे पडद्यावर सगळं दिसत नाही. जीमेल जुना मजकूर तीन ठिपक्यांमागे दडवतं, आणि काही लोक उत्तर वर न लिहिता त्या जुन्या मजकुरातच लाल अक्षरांत लिहितात. ठिपके उघडले नाहीत तर ते उत्तर आपल्यासाठी नसतंच. कोणी विषयाची ओळ बदलली की जीमेलमध्ये नवी साखळी सुरू होते, म्हणून ग्राहकाचं नाव आणि भागाचा नंबर टाकून एकदा शोधून घ्यावं. दुसरी फसवणूक माणसांची. कोणीतरी `Reply All` ऐवजी `Reply` दाबतो आणि एक माणूस चर्चेतून गळतो. आपल्या उदाहरणात ९ तारखेनंतर ग्राहकाचे क्वालिटीवाले `CC` मध्ये नाहीतच. म्हणजे २५० आणि १५० च्या टप्प्यांना फक्त खरेदी विभागाने हो म्हटलंय. ज्यांनी ८६ नग परत केले त्यांना ते ठाऊकही नसेल. एकतीस मेलमध्ये ही गोष्ट कुणीच लिहिलेली नाही. ती नावांच्या रांगेतून कळते, आणि आमच्या मते सारांश करणाऱ्याची खरी कमाई हीच.

आता लिहायची वेळ. नवखा मुलगा असं लिहितो: "आदरणीय सर, आपल्या सूचनेनुसार कळवतो की ३ तारखेला ग्राहकाकडून ब्लोहोलची तक्रार प्राप्त झाली, त्यानंतर क्वालिटी विभागाने कारणांचा शोध घेतला…" साहेब फोनवर एवढंच वाचतात आणि मीटिंगमध्ये शिरतात. यात चूक एकही नाही, पण साहेबांनी काय करायचं ते अजून आलेलं नाही. त्याऐवजी विषयाच्या जागी असं असावं: "निर्णय हवा, शुक्रवार १३, सायं. ५ : चाकण हाउसिंग, ४८,००० रु." आणि खाली:

"चाकणच्या ग्राहकाला पुढच्या ४०० नगांची बाहेरच्या लॅबकडून तपासणी आपल्या खर्चाने हवी आहे (४८,००० रु.), हो की नाही ते शुक्रवारी ५ पर्यंत कळवायचे आहे.

पहिल्या ४०० पैकी ८६ नग ब्लोहोलमुळे नापास झाले, बदली नग गेले. पुढचे १८ ला २५० आणि २२ ला १५० देता येतील, त्यांच्या खरेदी विभागाला मान्य, क्वालिटीची संमती नाही.

प्रॉडक्शन मॅनेजरांचे मत: तपासणीला फक्त या ४०० पुरते हो म्हणावे व क्वालिटीची लेखी संमती आजच मागावी, उत्तर न गेल्यास ते १८ चा माल घेणार नाहीत."

पहिल्या ओळीत साहेबांनी करायची गोष्ट, रक्कम आणि वेळ. दुसरीत कुठवर आलं आणि कुठे अडलं. तिसरीत शिफारस आणि गप्प बसल्यास काय. शिफारस कुणाची ते नावानिशी किंवा पदानिशी लिहावं. आपलं मत "सर्वांचे मत" म्हणून घुसवू नये, पुढे अंगाशी येतं. हीट नंबर, कोअर, गाडीभाडं, सगळं बाहेर. ४३,००० ची डेबिट नोटही बाहेर, कारण ती मिटली आहे. (काही साहेबांना पैशाची प्रत्येक गोष्ट लागते, तिथे दुसऱ्या ओळीत चार शब्द वाढवावेत.) मूळ साखळी खाली जोडायची असेल तर आधी पाहावं, कारण साहेब तोच मेल थेट ग्राहकाला पुढे पाठवू शकतात, आणि आत आपल्याच माणसांचे शेरे असतात.

पाठवण्याआधी एक तपासणी करावी. साखळी न वाचलेल्या शेजारच्या टेबलवाल्याला या तीन ओळी दाखवाव्या आणि विचारावं, "तू साहेब असतास तर काय उत्तर दिलं असतंस?" तो "हो" किंवा "नाही" म्हणाला तर झालं. त्याने उलट प्रश्न विचारला, तर त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

अदब, लिहाज आपल्या घरांत शिकवला जातो, आणि शिकवावाच. पण त्यापायी मुलं वाईट बातमी शेवटी, हळूच, मऊ शब्दांत लिहितात. याची जबर किंमत मोजल्याचं एक उदाहरण जगासमोर आहे. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं. सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच बोइंगच्या इंजिनिअरांनी नासाच्या लोकांपुढे स्लाइड मांडल्या. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा धीर देणारा होता. पूर्वीच्या चाचण्यांतले तुकडे ३ घनइंचांचे आणि हा अंदाजे १,९२० घनइंचांचा, म्हणजे जुन्या चाचण्यांवरून काही सांगणं कठीण, ही गोष्ट त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी होती. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कर्नालच्या कल्पना चावलांसह सातही जण गेले. अपघात पंख फुटल्यामुळे झाला, स्लाइडमुळे नव्हे. पण चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात या स्लाइडची वेगळी दखल घेतली आणि म्हटलं की एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला ती वाचून जिवावरचा धोका आहे हे लक्षात न येणं सहज शक्य होतं. मजकूर खोटा नव्हता, त्याची जागा चुकली होती.

तीन ओळी पुरत नाहीत अशीही वेळ येते. दोन निर्णय हवे असतील तर दोन मेल करावेत, एकात सहा ओळी कोंबू नयेत. आणि साखळीत कामगाराला इजा, कुणाविरुद्धची तक्रार किंवा वकिलाची नोटीस असेल, तर सारांश करूच नये. तिथे एकेक शब्द मोजला जातो. मूळ मेल जसाच्या तसा पुढे पाठवावा, वर "कृपया पूर्ण वाचावे" एवढंच लिहावं, आणि उठून साहेबांच्या केबिनचं दार ठोठवावं.