२४० मुलं की ३५? समीक्षकांना लिहिलेल्या उत्तराची गोष्ट

शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला की दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, संपादकाचा मेल येतो. त्यात दोन किंवा तीन अनामिक समीक्षकांची टिपणं असतात आणि वर संपादकाचा निर्णय. निबंध जसाच्या तसा स्वीकारला जाणं दुर्मीळच. नाकारला गेला नसेल, तर बहुतेक वेळा ‘मेजर रिव्हिजन’ असा शेरा असतो, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा. सुधारलेल्या निबंधासोबत एक उत्तरपत्रही द्यावं लागतं. ते छापून येतंच असं नाही, पण निबंध तरणार की बुडणार हे बऱ्याचदा त्याच्यावर ठरतं.

नमुन्यादाखल एक निबंध घेऊ. समजा, काही संशोधकांनी नववीच्या विज्ञानाच्या वर्गांवर प्रयोग केला. सहा तुकड्या, प्रत्येकीत ४० मुलं, एकूण २४०. तीन तुकड्यांना धडा शिकवून झाल्यावर पुस्तक मिटून छोट्या चाचण्या दिल्या. उरलेल्या तिघींना तोच धडा पुन्हा वाचायला सांगितला. दहा दिवसांनी सगळ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा चाचणीवाली मुलं पुढे निघाली. निबंधाचं शीर्षक ठरलं, ‘आठवणीच्या चाचण्यांमुळे किशोरवयीन विद्यार्थ्यांचं शिकणं सुधारतं’. त्यावर तीन आक्षेप आले.

पहिला आक्षेप सर्वांत सौम्य भाषेत होता, आणि सर्वांत जड: ‘चाचणी कोणाला द्यायची हे तुकडीनुसार ठरलं, मग आकडेमोड मुलांनुसार का?’

एका तुकडीतल्या मुलांना शिक्षक एकच, वेळापत्रक एकच, वर्गातली शिस्त किंवा गोंधळही एकच. त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांसारखे येतात, आणि २४० मुलं म्हणजे २४० स्वतंत्र साक्षीदार होत नाहीत. हा सारखेपणा मोजता येतो. गुणांमधल्या एकूण फरकापैकी १५ टक्के फरक तुकडी-तुकडीतला आहे असं धरलं, तर सूत्र असं: ४० मधून १ वजा करा, ३९ ला ०.१५ ने गुणा, त्यात १ मिळवा. उत्तर ६.८५. आता २४० ला ६.८५ ने भागा. उरतात ३५. म्हणजे २४० मुलांकडून मिळालेली माहिती ३५ स्वतंत्र मुलांइतकीच आहे.

इथे नवखा लेखक चिडून लिहितो, ‘या क्षेत्रातले अनेक निबंध असंच करतात.’ वाक्य खरं असेलही, पण ते उत्तर नाही. समीक्षकाचं म्हणणं बरोबर असेल तर ते पहिल्याच वाक्यात मान्य करावं आणि लगेच काय बदललं ते सांगावं:

‘हा आक्षेप योग्य आहे. आम्ही आता तुकडी हा एकक धरून पुन्हा विश्लेषण केलं आहे (पान ११, ओळी ८ ते २२). सहापैकी तीन तुकड्या निवडण्याच्या २० रीती होतात. चाचणीच्या तिन्ही तुकड्या उरलेल्या तिघींच्या पुढे असल्या, तरी इतका टोकाचा फरक निव्वळ योगायोगाने, या किंवा उलट दिशेने, दिसण्याची शक्यता २० पैकी २, म्हणजे १० टक्के राहते. ५ टक्क्यांचा रूढ निकष या आराखड्यात गाठताच येत नाही. म्हणून निष्कर्ष सौम्य केला आहे आणि शीर्षकात आता “प्राथमिक अभ्यास” असं म्हटलं आहे.’

या उत्तरात आभाराचं एकही विशेषण नाही, तरी ते विनम्र आहे. समीक्षकाने बहुधा विनामोबदला, आपली संध्याकाळ मोडून हे वाचलंय. त्याला पान आणि ओळ दिली की शोधाशोध वाचते. दावा आकड्यांना पेलेल इतका लहान केला की त्याचं म्हणणं ऐकलं गेलं हे त्याला दिसतं. उलट ‘आपल्या बहुमोल आणि मार्मिक सूचनेबद्दल शतशः आभार’ असं लिहून निबंधात एक शब्दही बदलला नसेल, तर ते त्याच्या ताबडतोब लक्षात येतं.

दुसरा आक्षेप असा: ‘धड्याच्याच दिवशी घेतलेल्या छोट्या परीक्षेत पुन्हा वाचणारी मुलं किंचित पुढे होती. मग चाचण्यांचा फायदा कुठे?’ इथे लेखकांना असहमत व्हायचं आहे. असहमती चालते, पण मताला मत भिडवून नव्हे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवलं आणि चाचणी दिलेल्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४२ वर आले, चाचणीवाले ५६ वर राहिले. तेव्हा पहिल्या दिवशी वाचणारे पुढे असणं हे चाचण्यांच्या विरोधात जात नाही. आधी जे दिसलं आहे त्याच्याशी ते जुळतं.

पण प्रामाणिक उत्तर इथे थांबत नाही. ते विद्यार्थी महाविद्यालयातले होते आणि इथे मुलं नववीची. म्हणून लेखक पुढे लिहितात: ‘समीक्षकांच्या शंकेमुळे हा मुद्दा आम्ही चर्चेत स्पष्ट केला आहे (पान १५). इलिनॉय राज्यातल्या सहावीच्या समाजशास्त्राच्या वर्गात वर्गचाचण्यांचा टिकाऊ फायदा २०११ साली नोंदला गेला आहे, तोही जोडला आहे. मात्र हे सर्व वयांना लागू आहे असा दावा आम्ही करत नाही.’ नकार देताना पुरावा पुढे ठेवला आणि त्या पुराव्याची मर्यादाही आपणच सांगितली, की नकार खटकत नाही.

तिसरा आक्षेप मात्र चुकीच्या समजुतीवर उभा होता: ‘शेवटच्या परीक्षेत चाचणीतलेच प्रश्न विचारले, मग मुलांनी उत्तरं पाठ केली असतील.’ प्रश्न वेगळे होते आणि तसं निबंधात लिहिलंही होतं, पण नवव्या पानावर, तक्त्याखालच्या बारीक टिपेत. ‘समीक्षकांनी नीट वाचलेलं दिसत नाही’ हे वाक्य मनात कितीही आलं तरी पत्रात येऊ नये. विषय जाणणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं, तर इतरांच्याही सुटणार. उत्तर एवढंच: ‘ही माहिती सहज दिसेल अशा जागी नव्हती. आता ती पद्धतीच्या पहिल्या परिच्छेदात आहे, आणि दोन्ही प्रश्नसंच परिशिष्टात जोडले आहेत.’

पत्राची मांडणी साधी असते. समीक्षकाचा प्रत्येक आक्षेप त्याच्याच शब्दांत जसाच्या तसा उतरवायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि खाली उत्तर लिहायचं. आक्षेपाचा गोषवारा करू नये, कारण गोषवाऱ्यात अडचणीचं अर्धं वाक्य हमखास गळतं आणि तेच समीक्षक शोधत असतो. एका टिपणात दोन प्रश्न असतील तर ते वेगळे करून दोन्हींची उत्तरं द्यावीत. दोन समीक्षक परस्परविरोधी सूचना देत असतील, तर आपण कोणती घेतली आणि का, हे संपादकाला उद्देशून सांगावं. निर्णय अखेर त्याचाच असतो.

इतकं करूनही निबंध परत येऊ शकतो. तीन विरुद्ध तीन तुकड्यांचा आराखडा गोड भाषेने भक्कम होत नाही. पण पहिल्या समीक्षकाने जे दाखवून दिलं ते पुढच्या प्रयोगाला उपयोगी आहे. त्याच सहा तुकड्यांत आणखी मुलं कोंबून फारसं काही साधणार नाही. तुकड्या वाढवायला हव्यात. २० तुकड्यांतून प्रत्येकी १२ मुलं घेतली तर एकूण मुलं तेवढीच, २४०. तेच सूत्र लावलं की भाजक २.६५ येतो आणि माहिती सुमारे ९० स्वतंत्र मुलांइतकी मिळते, आधीच्या अडीचपट. शिवाय दहा विरुद्ध दहा तुकड्यांत ५ टक्क्यांचा निकष आवाक्यात येतो. मेहनत मात्र वाढते: जास्त शाळांची परवानगी, जास्त मुख्याध्यापकांची मनधरणी. पुढच्या निधीच्या अर्जात ही मागणी का केली आहे, याचं समर्थन मात्र आता लेखकांकडे तयार आहे.