शिकवणीचा तास आणि मधली पंचवीस मिनिटं

घरोघरी जाऊन शिकवणाऱ्या शिक्षिकेचं वेळापत्रक सहसा कोणी आखत नाही, ते आपोआप वाढत जातं. जूनमध्ये पहिला विद्यार्थी मिळतो, त्याला सोयीची वेळ दिली जाते. दुसरा येतो, त्याला उरलेली. चौथ्याचा फोन येईपर्यंत एकच तास मोकळा असतो, आणि त्या मुलाचं घर कुठे आहे हे न बघता तो तास त्याच्या नावावर लागतो. दिवाळीपर्यंत मॅडम रोज शेवटच्या घरी अर्धा-पाऊण तास उशिरा पोचत असतात आणि वाहतुकीला नावं ठेवत असतात. वाहतूक वाईट आहेच, पण खरी चूक आखणीत असते.

पुण्यातलंच उदाहरण घेऊ. समजा, एक शिक्षिका कर्वेनगरला राहतात, स्कूटर चालवतात आणि सातवी ते दहावीच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे त्यांचे दिवस आहेत. चार वाजता डहाणूकर कॉलनीत सातवीचा मुलगा, पाच दहाला मयूर कॉलनीत नववीची मुलगी, साडेसहाला सिंहगड रस्त्यावर आनंदनगरमध्ये दहावीची मुलगी आणि पावणेआठला घराजवळ कर्वेनगरमध्येच आठवीचा मुलगा. प्रत्येकी एक तास. (पत्ता घेताना जरा जपून, पुण्यात कोथरूडलाही एक आनंदनगर आहे.) मधले दहा, वीस आणि पंधरा मिनिटांचे अवकाश त्यांनी मोबाइलवरच्या नकाशावरून काढले. तेही दुपारी जेवण झाल्यावर, घरी बसून.

नकाशा खोटं बोलत नाही. तो फक्त गाडी चालवण्याचा वेळ सांगतो, आणि आपण तो दोन शिकवण्यांमधला वेळ समजून बसतो. डहाणूकर कॉलनी ते मयूर कॉलनी स्कूटरवर सात-आठ मिनिटं लागतात, हे बरोबर आहे. पण पाच वाजता घड्याळाकडे बघितल्यावर गृहपाठ सांगायचा असतो, चपला घालताना मुलाची आई दारात येऊन "मॅडम, युनिट टेस्टमध्ये कसे पडतील हो मार्क?" असं विचारते, मग पार्किंगमधून गाडी काढायची असते. यात पाच मिनिटं जातात. पुढच्या सोसायटीत वॉचमनच्या वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ लिहायची, गाडी पाहुण्यांच्या जागेत लावायची, लिफ्टची वाट बघायची, ही चार मिनिटं. वर गेल्यावर पाण्याचा ग्लास येतो आणि मुलगी दप्तरात वही शोधू लागते. आणखी तीन. पाच, आठ, चार आणि तीन मिळून वीस मिनिटं झाली आणि त्यांतली रस्त्यावरची जेमतेम आठ.

म्हणून मोजायचा वेळ एकच: इथलं पुस्तक मिटल्यापासून तिथली वही उघडेपर्यंतचा. या हिशेबात जवळचं घर वाटतं तितकं जवळ राहत नाही. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसरा विद्यार्थी असला तरी पाच-सहा मिनिटं धरावी लागतात. उलट, घर एक किलोमीटर लांब असलं तर मोकळ्या वेळी दोन-तीन मिनिटांचाच फरक पडतो. मोठा फरक पडतो तो पूल ओलांडताना किंवा गर्दीच्या चौकात, ठरावीक तासांत.

आता ही संध्याकाळ खऱ्या वेळांनी चालवून बघू. पहिली शिकवणी पाचला संपली. वीस मिनिटं घालवून मॅडम मयूर कॉलनीत पाच वीसला शिकवायला बसल्या, म्हणजे दहा मिनिटं उशीर. पूर्ण तास शिकवून सहा वीसला उठल्या. आता राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्त्यावर जायचंय. दुपारी पंधरा मिनिटांत होणाऱ्या या प्रवासाला या वेळी पंचवीस मिनिटं लागतात, आणि दारातली-लिफ्टमधली बारा-पंधरा धरून चाळीस. वही उघडली तेव्हा सात वाजले, उशीर अर्धा तास. तिथून आठला निघून परत नदी ओलांडायची, पंचवीस मिनिटं. कर्वेनगरच्या मुलासमोर त्या पावणेआठऐवजी आठ पंचवीसला बसल्या. वाटेत ना पंक्चर झालं, ना पाऊस आला. तरीही शेवटच्या मुलाच्या वाट्याला चाळीस मिनिटांचा उशीर आला, कारण आधीच्या सगळ्या घरांचा उशीर त्याच्या दारात येऊन साठतो. हे टाळायचं म्हणून प्रत्येक घरी दहा मिनिटं कापली, तर मुलांच्या ते लक्षातही येत नाही. पालकांच्या मात्र पहिल्याच आठवड्यात येतं.

घोटाळा कुठे आहे, ते एका साध्या वजाबाकीने कळतं. दहावीची मुलगी यादीत नसती, तर मयूर कॉलनीहून थेट कर्वेनगरला यायला वीस मिनिटं लागली असती. ती असल्यामुळे आधी चाळीस आणि मग पंचवीस, म्हणजे पासष्ट लागतात. तिच्या एका तासासाठी पंचेचाळीस मिनिटं जास्तीची रस्त्यावर जातात. समजा, मॅडम तासाला 500 रुपये घेतात. या शिकवणीला खरा वेळ लागतो पावणेदोन तास, म्हणजे हाती पडतात तासाला साधारण 286 रुपये, पेट्रोल वेगळंच. महिन्याला अशा बारा शिकवण्या धरल्या, तर नऊ तास निव्वळ या वळशात जातात. नवीन विद्यार्थ्याचा फोन आला की ही वजाबाकी आधी करावी: तो मध्ये घातल्यावर लागणारा प्रवास, त्यातून तो नसतानाचा प्रवास वजा. त्याचं घर आपल्या घरापासून किती लांब आहे, हा प्रश्न इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याच्या आधी आणि नंतर आपण कुठे असणार, यावर सगळं अवलंबून असतं.

साहजिकच सुचणारा उपाय म्हणजे क्रम बदलणं. दहावीच्या मुलीची शाळा सकाळची असेल आणि ती दुपारी घरीच असेल, तर नदीपलीकडचं घर चारला उरकून गर्दीआधी परत येता येतं. उपाय चांगला आहे, पण पुरत नाही. चार तास शिकवणं आणि मधल्या तीन फटी वीस-वीस मिनिटांच्या धरल्या, तरी चार ते नऊ अशी अख्खी संध्याकाळ भरते. त्यातली एक फट तीस मिनिटांची झाली की नऊ ओलांडलेच, आणि सव्वानऊला आठवीच्या मुलाला बीजगणित शिकवण्यात काही अर्थ नसतो. शिवाय सातवीचं पोर सातनंतर पेंगतं, त्यामुळे त्याला फार मागे ढकलता येत नाही. माझ्या मते इथे क्रमाशी झगडत बसण्यापेक्षा वार बदलावेत. सिंहगड रस्ता मंगळवार, गुरुवार, शनिवारवर टाकायचा आणि नदीच्या त्या बाजूचा आणखी एखादा विद्यार्थी मिळेपर्यंत त्या दिवसांचे बाकीचे तास मोकळे ठेवायचे. एका दिवशी नदीची एकच बाजू.

उरलेल्या तिघांसाठी फटी किती ठेवायच्या? नकाशावरूनच अंदाज काढायचा असेल, तर गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा पर्याय निवडून निघण्याची वेळ संध्याकाळची आणि वार कामाचा टाकावा. तो एक आकडा न देता अमुक ते तमुक मिनिटं असा पल्ला दाखवतो. त्यातला मोठा आकडा घ्यायचा आणि त्यात दारातली बारा मिनिटं मिळवायची. याहून चांगला मार्ग म्हणजे स्वतःच्या नोंदी. वहीच्या मागच्या पानावर पुस्तक मिटल्याची आणि वही उघडल्याची वेळ लिहीत गेलं, की तीन-साडेतीन आठवड्यांत एका फटीच्या दहा नोंदी जमतात. समजा, त्या 17, 18, 18, 19, 19, 20, 21, 22, 24 आणि 31 अशा आल्या. सरासरी निघते जवळपास 21. पण सरासरीवर आखलेलं वेळापत्रक बऱ्याच दिवशी मोडतं. सगळ्यांत वाईट दोन नोंदी सोडून उरलेल्यांतली मोठी घ्यावी, म्हणजे 22, आणि सांगायला सोपं म्हणून पंचवीस. एकतीस मिनिटांच्या दिवसासाठी मात्र रोजची आखणी बिघडवू नये, नाहीतर एरवी रोज दहा मिनिटं इमारतीखाली स्कूटरवर बसून राहावं लागेल. त्या दिवशी सरळ फोन करावा.

एक मोठी फट मात्र हवीच, आणि ती शेवटच्या शिकवणीआधी. सगळ्या फटींत पाच-पाच मिनिटं वाटून दिली, तर ती दारातल्या गप्पांतच विरतात, हे कुठल्याही होम ट्यूटरला विचारा. म्हणून नवी संध्याकाळ अशी होईल: चार ते पाच डहाणूकर कॉलनी, पाच पंचवीस ते सहा पंचवीस मयूर कॉलनी आणि सात ते आठ कर्वेनगर. मधल्या पस्तीस मिनिटांत प्रवासाला पंचवीस लागले, तर दहा मिनिटं चहाला मिळतात. उशीर झालाच असेल तर तो इथे जिरतो, शेवटच्या मुलापर्यंत पोचत नाही. चौथा विद्यार्थी हवाच असेल, तर तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा असावा.

हे आकडे वर्षभर तेच राहत नाहीत. जून ते सप्टेंबर रेनकोट चढवणं-उतरवणं, तो जिन्यात वाळत टाकणं आणि पाय पुसणं यात दर घरी चार-पाच मिनिटं सहज जातात, म्हणून पावसाळ्यात फटी तीसच्या कराव्यात. कोणी नारायण पेठेत शिकवायला जात असेल, तर खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पूल पाण्याखाली जातो आणि वाट लांबते. गणपतीत तर पेठांमधले रस्ते संध्याकाळी बंदच असतात. त्या दहा दिवसांतल्या शिकवण्या सकाळी घेता येतील का, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

उशीर कोणाचा, याचा नियमही पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. मॅडम उशिरा आल्या, तर तास पूर्ण भरून देतील. मुलगा खाली खेळत असेल किंवा अजून जेवत असेल, तर तास घड्याळाप्रमाणे संपेल. हे ऐकायला कडक वाटतं, पण एका घरच्या आळसाची भरपाई दुसऱ्या घरच्या मुलाने का करावी?

पालकांनाही एक विनंती. मॅडम यायच्या आधी वही-पुस्तक टेबलावर काढून ठेवा, त्यांचं नाव वॉचमनकडे कायमचं नोंदवा, शिकवणी नको असेल तर दुपारी बारापर्यंत कळवा, आणि मार्कांची चौकशी दारात न करता महिन्यातून एकदा फोनवर करा.